मनूच्या झोपेच्या वेळेवर आक्षी

मनू आठ महिन्यांची झाली आणि घरातून बाहेर पडायची चर्चा सुरू झाली. निखिलला महाबळेश्वर हवं होतं. सासूबाईंचं म्हणणं, बाळाला अजून अंबाबाईच्या पायावर घातलेलं नाही, तेव्हा कोल्हापूर. मला कुठेही चाललं असतं, फक्त स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी केलेला हवा होता.

मग मी आठवडाभर भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेन्सिलीने मनूच्या झोपा लिहून काढल्या. ती साडेसहाला उठते. नवाच्या आसपास पहिली झोप, तास-सव्वा तासाची. एकच्या सुमारास दुसरी, ही चांगली दीड तासाची. पाचला एक डुलकी, ती आली तर आली. एका झोपेतून उठल्यावर पुढच्या झोपेपर्यंत ती फार तर अडीच तास आनंदात असते. त्यानंतर डोळे चोळणं, कान ओढणं सुरू होतं, आणि तेव्हाही झोपवलं नाही तर उलटंच होतं: एकदम हुशारी येते, हातपाय झाडत खिदळायला लागते. बघणाऱ्याला वाटतं, काय मजेत आहे पोर! पण ती थकव्याची हुशारी असते, आणि तिच्यामागोमाग अर्ध्या तासाचं रडणं येतं.

हे कागदावर आल्यावर ठिकाणं आपोआप गळत गेली. प्रवास एका झोपेत आणि त्यापुढच्या तासाभरात संपला पाहिजे, म्हणजे मधला थांबा धरून साधारण अडीच तास. महाबळेश्वरला खारघरहून पाच-सहा तास आणि शेवटी घाट. कोल्हापूर त्याहून लांब. माथेरान जवळ, पण गाडी दस्तुरीलाच ठेवायची आणि पुढे बाळ, बोचकं सगळं घेऊन जायचं. लोणावळा तासांच्या हिशोबात बसत होतं, पण बोरघाटात एकदा वाहतूक तुंबली की दीड तासाचे तीन तास होतात, आणि घाटात बाळाला घ्यायला गाडी बाजूलाही लावता येत नाही. उरलं अलिबाग. पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड असा सरळ रस्ता, घाट म्हणावा तर कार्ले खिंड तेवढी. जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे सरकारी रुग्णालय आहे, बालरोगतज्ज्ञ आहेत. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला नेणारी रो-रो बोट आहे, पण खारघरहून आधी उलट्या दिशेला मुंबईत जा, बोटीच्या वेळेला रांगेत उभे राहा, आणि बाळ नेमकं गाडी बोटीवर चढताना जागं होणार. ते नको झालं.

अलिबागमध्ये आक्षी ठरलं, कारण नागावच्या किनाऱ्यावर घोडागाड्या आणि वाळूत फिरवायच्या मोटारींचा गलका फार. आक्षीला सुरूचं बन आहे, सावली आहे.

तारीख ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या. एक लस. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस असते. बाकीच्या लसींचा ताप त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येऊन जातो, पण गोवराच्या लशीचा ताप आलाच तर बहुधा दुसऱ्या आठवड्यात येतो. म्हणजे लस घेऊन आठवडा झाला, आता निघू, असं म्हणून जी माणसं निघतात ती नेमकी तापाच्या दिवसांत निघतात. डॉक्टर म्हणाले, "त्याआधी जाऊन या, नाहीतर लशीनंतर दोन-अडीच आठवडे थांबा."

दुसरी गोष्ट समुद्राची. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका मूळचे थळचे. त्यांनी विचारलं, "ओहोटी कधी आहे ते बघितलंस का गं?" बाळाला घेऊन पाण्यापासून लांब, ओल्या कठीण वाळूवर बसायचं तर ओहोटी हवी. भरतीला किनारा अरुंद होतो आणि बसायला वरची भुसभुशीत, दिवसभर तापलेली वाळूच उरते. काकांचा हिशोब तोंडावर होता: तिथीची पाऊणपट ती भरतीची वेळ, तिथून सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे, म्हणून ओहोटी संध्याकाळी सहाच्या. मनू संध्याकाळच्या डुलकीतून उठते तीही तेव्हाच. माघी पौर्णिमेचे दिवस मधल्या वारांना येत होते, तेच धरले. शनिवार-रविवार नको हे वेगळं सांगायला नको.

खोली शोधताना मी फोनवर काय काय विचारलं ते ऐकून निखिल हसत होता. तळमजला आहे का? जमिनीवर गादी टाकून मिळेल का? पंप कधी लावता, खोलीच्या जवळ आहे का? आणि दोन वेळा दहा मिनिटं गॅसची शेगडी वापरायला द्याल का? पहिल्या दोन ठिकाणी शेगडीला नकार आला. "मॅडम, किटली आहे ना खोलीत," म्हणे. किटलीच्या पाण्यात खिमट शिजत नाही, नुसतं भिजतं, आणि कच्च्या पिठाने बाळाचं पोट फुगतं. शेवटी आक्षीतल्या एका वाडीतल्या काकू म्हणाल्या, "शेगडी कशाला मागतेस, मीच शिजवून देते की." काकूंकडे खोली घेतली.

मंगळवार

खिमटाचं पीठ आदल्या रविवारीच केलं होतं. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, धुऊन पंचावर वाळवायची, मंद आचेवर भाजायची, थोडं जिरं घालून रवाळ दळायची. दोन चमचे पिठाला वाटीभर पाणी घेऊन आठ-दहा मिनिटं शिजवलं की एका वेळचं होतं. वरून अर्धा चमचा तूप. मीठ, साखर वर्षाच्या आत घालायची नाही, आणि मध तर अजिबात नाही. सासूबाईंना मध चाटवण्याची सवय, पण मधातल्या जंतूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं, त्यामुळे तो वाद घरीच मिटला होता.

मी कामावर जायला लागल्यापासून दुपारी एक वेळ पावडरचं दूध असतं, बाकी अंगावर. प्रवासात बनवलेलं दूध न्यायचं नाही. थर्मासमध्ये उकळलेलं गरम पाणी आणि छोट्या डब्यात मोजलेली कोरडी पावडर, असं वेगवेगळं न्यायचं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती चांगल्या गरम पाण्यातच कालवायची, म्हणजे निदान सत्तर अंश, आणि मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करायची. कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवायची. पिऊन उरलेलं मात्र लगेच ओतून द्यायचं. बाटली नेलीच नाही, स्टीलची वाटी आणि चमचा नेला. बाटलीचं बूच, बोंडू, ब्रश हे सगळं परक्या बेसिनवर घासत कोण बसणार? सासूबाई खूश झाल्या. त्यांची तिन्ही मुलं बोंडल्यानेच दूध प्यायली.

पावणेनऊला निघालो. मनूची खुर्ची मागच्या सीटवर, तोंड मागच्या दिशेला, अशी बसवलेली. चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा अशी खुर्ची नसेल तर २०१९च्या दुरुस्तीनंतर हजार रुपये दंड आहे, पण रस्त्यावर बघावं तर मुलं पुढे आईच्या मांडीवर. सासूबाईंनीही "मी घेते की मांडीवर" म्हणून पाहिलं. निखिल म्हणाला, "आई, ब्रेक दाबला तर तुझ्या हातात ती राहणार नाही." त्या काही बोलल्या नाहीत, पण पनवेल सुटेपर्यंत एक हात खुर्चीवर होता.

पळस्प्याला मनू झोपली. कर्नाळ्याची झाडी, पेणची गणपतीची दुकानं, सगळं तिच्या झोपेत गेलं. वडखळ नाक्याला गाडी हळू झाली तशी ती जागी झाली. नेमकी तीच जागा आम्ही थांब्यासाठी धरली होती. तिला खुर्चीतून पूर्ण बाहेर काढलं, पाठीवर आडवी पाडून लंगोट बदलला, पंधरा मिनिटं कडेवर हिंडवलं. खुर्चीत मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो, म्हणून सलग दोन तासांवर ठेवायचं नाही आणि गाडी थांबली की झोपलेलं असलं तरी उतरवायचं, हा आमचा नियम. पाजलं मीही उतरूनच. चालत्या गाडीत बाळाला खुर्चीतून काढून पाजायला घेणं हा सर्रास प्रकार आहे, आणि तो सगळ्यात धोक्याचा.

साडेअकराला वाडीत पोचलो. नारळ-पोफळीची वाडी, पाटाला पाणी सोडलेलं, अंगणात सुपारी वाळत घातलेली. खाली सोडताच मनू रांगत थेट सुपारीकडे निघाली. एवढ्या वेगाने ती घरी कधी गेलेली नाही. सोललेली सुपारी बाळाच्या घशात अडकायला अगदी बेताच्या मापाची असते. काकूंनी मुकाट्याने सगळी सुपारी सुपात भरून माळ्यावर नेली. मग मी गुडघ्यांवर बसून खोली पाहिली. उंचीवरून काही दिसत नाही, बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवरून दिसतं: किटलीची लोंबती वायर, पलंगाखाली डास मारायच्या वडीचा तुकडा, दाराच्या मागे खिळा.

डास होतेच. शिंपणाच्या वाडीत डास नसतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. कॉइलचा धूर बाळाच्या छातीला वाईट, म्हणून छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी नेली होती. खिडकीला काळी चादर कपड्यांच्या चिमट्यांनी लावली. गादी जमिनीवर, कडक, उशीबिशी काही नाही. घरची न धुतलेली चादर तिच्याखाली घातली, वास ओळखीचा राहतो म्हणून.

दुपारची झोप चांगली झाली. संध्याकाळी किनाऱ्यावर ओहोटी काकांच्या हिशोबाप्रमाणेच लागली होती. मनूने पहिल्यांदा ओल्या वाळूत हात घातला, मूठ वळली, आणि बोटांतून वाळू निसटल्यावर तळहाताकडे बघत राहिली. मग अर्थात मूठ तोंडात.

रात्री आठला झोपली आणि पावणेदहाला उठली. पुन्हा साडेअकराला, पुन्हा दोनला, पुन्हा चारला. सासूबाई म्हणाल्या, "जागा नवीन आहे, दृष्ट काढते." मीठ-मोहऱ्या काकूंकडून आल्यासुद्धा.

बुधवार

पहाटे पाजत बसले असताना एक गोष्ट लक्षात आली. रात्री ती उठली की रडत नव्हती, घाबरलेली वाटत नव्हती. सरळ दूध शोधत होती आणि पोटभर पीत होती. नवी जागा बोचत असती तर दोन घोट घेऊन नुसती चिकटून राहिली असती. मग मी आदला दिवस आठवला. वडखळला पाजलं तेव्हा ट्रक बघायला चार वेळा मान वळवली. वाडीत आल्यावर ओसरीवर पाजलं, तर कोंबडी, काकू, नारळ काढायला आलेला माणूस, प्रत्येकाकडे बघायला तोंड सोडलं. संध्याकाळी किनाऱ्यावर तर प्यायलीच नाही. आठव्या-नवव्या महिन्यात बाळांचं असंच होतं. जग दिसायला लागलेलं असतं आणि दूध मागे पडतं. घरी तीच भिंत, तोच पंखा, म्हणून ते जाणवत नाही. बाहेर दिवसभराचं दूध हुकतं आणि बाळ ते रात्री वसूल करतं.

खात्री करायची तर लंगोट बघायचे. या वयात चोवीस तासांत निदान सहा चांगले ओले हवेत. मंगळवारी सकाळपासून झोपेपर्यंत तीनच जड झाले होते, आणि संध्याकाळच्या लंगोटातली लघवी गडद पिवळी होती. पहाटेपासून मात्र पुन्हा फिकट. खेळत होती, तोंड ओलं होतं, टाळू खोल गेलेली नव्हती, म्हणून काळजी केली नाही. सहा-आठ तास लंगोट कोरडा, बाळ मलूल, रडताना डोळ्यांत पाणी नाही, असं असतं तर सरळ अलिबागला डॉक्टर गाठला असता.

त्या दिवशी वेळापत्रक थोडं बदललं. चौल-रेवदंड्याला जायचं ठरलं होतं, ते सोडून दिलं. निखिल एकटाच स्कूटर घेऊन आक्षीचा शिलालेख बघून आला. इसवी सन १०१२चा मानतात तो, आणि मराठीतला सर्वांत जुना लेख कोणता या वादात त्याचं नाव नेहमी येतं. फोटोतला दगड बघून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी नाश्ता सोडून गेलास?"

मी मात्र प्रत्येक पाजणं खोलीत नेलं. दार बंद, काळी चादर, दिवा नाही, बोलणं नाही. झोपेतून उठल्या उठल्या एकदा, डोळ्यांत अजून झोप असताना, आणि पुढच्या झोपेआधी एकदा. या दोन वेळांना बाळ अर्धवट गुंगीत असतं, तेव्हा ते बघण्यापेक्षा पितं. खाणं या दोन्हींच्या मधे: साडेआठला नाचणीचं सत्त्व, बाराला खिमट. खाणं दुधाच्या आधी दिलं तर पोट भरतं आणि दूध पुन्हा मागे पडतं. वर्षाच्या आत दूधच मुख्य, बाकीचं त्याच्या जोडीला.

काकूंनी खिमटात त्यांच्या परसातलं रताळं उकडून, कुस्करून घातलं. घालण्याआधी विचारलं, हे विशेष. मनूने रताळं घरी खाल्लेलं होतं म्हणून हो म्हटलं. एखादा नवा पदार्थ असता तर परत घरी जाऊन दिला असता. पुरळ उठलं किंवा पोट बिघडलं तर ते कशाने, हे प्रवासात कळत नाही. याच कारणाने नारळपाण्यालाही नाही म्हणावं लागलं, आणि काकूंचा चेहरा जरा उतरला. नाही म्हणायला शब्द सापडत नव्हते, तेव्हा सासूबाईच पुढे झाल्या. "वर्षाची झाली की आणतो पुन्हा, तेव्हा तुमच्याच हातचं पाजा." मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी सुरूच्या बनात चटई टाकली. पाचची डुलकी तिथेच, निखिलच्या छातीवर, वीस मिनिटं. मग ओहोटीच्या वाळूत अर्धा तास, आणि अंधार पडायच्या आत परत. अंघोळ, खोलीतलं पाजणं, तेच अंगाईगीत, आठला झोप. लंगोट मोजले तर दिवसात सहा भरले होते.

रात्री ती एकदाच उठली, दीडच्या सुमाराला. घरीही तशीच उठते. मीठ-मोहऱ्या उशाशी पुडीत तशाच होत्या. सासूबाई सकाळी म्हणाल्या, "बघ, गुण आला." मी काही वाद घातला नाही.

गुरुवार

परत निघायचं ते दुपारच्या झोपेवर, कारण ती लांब असते. सकाळ किनाऱ्यावर काढली. भरती चढत होती, तिच्यापुढे मागे मागे सरकत बसलो. साडेअकराला खिमट, साडेबाराला अंधाऱ्या खोलीत दूध, एकला गाडी. खाणं आणि गाडी यांच्यात तासाभराचं अंतर ठेवलं की ओकारीचा धोका कमी.

सामान भरताना वापरलेले लंगोट वेगळ्या पिशवीत बांधून बरोबर घेतले. वाडीत ते टाकायला जागा नसते, आणि काकू ते कुठे नेऊन जाळणार? कापडी लंगोट अंगणातल्या दोरीवर वाळून कडक झाले होते. निघताना काकूंनी पांढऱ्या कांद्याची वेणी दिली आणि मनूच्या गालाला काजळाची तीट लावली. डोळ्यांत घातलं नाही, मी आधीच सांगितलं होतं.

कार्ले खिंडीच्या आधीच मनू झोपली. वडखळला या वेळी गाडी हळू झाली तरी उठेना. थांबायचं की नाही यावर निखिलचं आणि माझं थोडं झालं. ती झोपली आहे तर सरळ पनवेल गाठू, असं त्याचं म्हणणं. दीड तास होत आला होता. पेणच्या पुढे एका पेट्रोल पंपावर थांबलोच, तिला काढून मांडीवर घेतलं, ती डोळे न उघडता माझ्या कुशीत तशीच झोपली. दहा मिनिटांनी पुन्हा खुर्चीत बसवलं तर ठणठणीत जागी. पळस्प्यापर्यंत सासूबाईंनी इतकी बडबडगीतं म्हटली की घसा बसला.

घरी पावणेचारला. पाचची डुलकी आलीच नाही, म्हणून रात्रीची झोप साडेसातला ओढली. डुलकी हुकली की नेहमीच्या वेळेपर्यंत ताणायचं नसतं, अर्धा तास आधी झोपवायचं. सकाळी सव्वासहाला उठली. पुढच्या आठवड्यात कालनिर्णयवर पाच वाजताचा रकाना बहुतेक दिवस रिकामाच राहिला. तिन्हीच्या दोन झोपा व्हायचं वय आलंच होतं. लस पुढच्या बुधवारी आहे, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात मी कुठेही जायचं ठरवलेलं नाही.